बेसला षड्ज नको, पंचम धरा

प्रश्न: एकांकिकेसाठी पार्श्वसंगीत करतोय. मुलगी वडिलांची जुनी ट्रंक उघडते, साधारण पाऊण मिनिटाचा प्रसंग, संवाद नाही. बेसला ए धरून वर ए मायनर, एफ, डी मायनर, जी असे कॉर्ड बदलतो. ताण येण्याऐवजी आता भजन सुरू होणार असं वाटतं. जरा वेगळे कॉर्ड घेतले तर चुकल्यासारखं ऐकू येतं. अरेंजर कीबोर्डवर वाजवतो. नेमकं काय करू?

उत्तर: तुमचे कॉर्ड ठीक आहेत. धरलेला स्वर चुकलाय. ए मायनरमध्ये ए म्हणजे आपला सा. खाली सा अखंड वाजत असला की वर काहीही आलं तरी ऐकणाऱ्याला आपण घरातच आहोत असं वाटत राहतं. त्यातून आपले कान लहानपणापासून तंबोऱ्यावर पोसलेले. खालचा स्थिर स्वर म्हणजे सा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही ताण निर्माण करायला बसलात आणि नकळत तंबोरा लावून दिलात. भजनाची आठवण झाली ती त्यामुळेच.

बेसला ई धरा, म्हणजे पंचम. सा वरच्या कॉर्डांमध्ये ऐकू येऊ दे, पण त्याच्या पायाखाली सा नसू दे. घर दिसतंय पण पाय अजून उंबऱ्याबाहेर आहे, ही अवस्था जितकी लांबवाल तितका ताण. खाली एकच स्वर धरून वर कॉर्ड बदलत राहणं याला पेडल पॉइंट किंवा नुसतं पेडल म्हणतात, आणि त्यातलं सस्पेन्स बहुतांशी एवढंच आहे.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे पंचमाच्या तंबोऱ्यातही प असतोच की! असतो, पण एकटा नसतो. पहिली तार पंचमाची, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. प वाजला की लगेच तीनदा सा येऊन त्याला घरी नेतो. आपल्याला त्या तीन तारा काढून घ्यायच्या आहेत.

नावाबद्दलही थोडं सांगतो, कारण आपल्याकडे त्यावरून घोटाळा होतो. पेडल हे नाव चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनवरून आलं. तिथे पायाखाली स्वरांच्या पट्ट्या असतात. एक पट्टी पायाने दाबून ठेवली की हात वर मोकळे. आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीचं पेडल फक्त हवा भरतं, त्यातून स्वर निघत नाही. आणि पियानोच्या सस्टेन पेडलचा तर या विषयाशी काहीच संबंध नाही. उलट कॉर्ड बदलताना सस्टेन दाबून ठेवलात तर वरचे सगळे स्वर एकमेकांत सांडतील.

तुमच्या प्रसंगाकडे वळण्याआधी एक नमुना ऐकून घ्या. योहान सेबास्टियन बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागातला (१७२२) सी मेजरमधला पहिला प्रील्यूड. ३५ बारची रचना आहे. त्यात २४व्या बारपासून ३१व्या बारपर्यंत, म्हणजे सलग आठ बार, बेस जी या स्वरावर उभा आहे. सी हा सा मानला तर जी म्हणजे पंचम. (काही जुन्या आवृत्त्यांत मध्ये एक जादा बार घुसवलेला आहे, त्यात हे आकडे एकाने पुढे सरकतात.)

या आठ बारमध्ये प्रत्येक बारचा सगळ्यात वरचा स्वर फक्त गाऊन बघा: रे, ग, म, म, तीव्र म, प, म, म. आणि नवव्या बारला, जेव्हा बेस शेवटी सा वर उतरतो, तेव्हा ग. खालचा जागचा हलत नाही आणि वरचा पायरी पायरीने चढतो, तीव्र मध्यमाला घासून पंचमाला पोचतो, मग उतरतो. एक ओळ ताणली जाते आणि एक ठाम राहते, म्हणून ते अंतर जाणवतं. दोन्ही हलल्या असत्या तर कान कशाच्या आधाराने मोजणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आली. आठपैकी सात बारमध्ये तो धरलेला पंचम वरच्या कॉर्डचाच एक स्वर आहे, कधी सी मेजरचा पाचवा, कधी जी सेव्हनचा मूळ. तो परका होतो फक्त एका बारमध्ये, २८व्या. तिथे वर कोमल ग, ध, सा आणि तीव्र म आहेत. यात पंचमाला जागाच नाही, आणि तीव्र म तर त्याच्या अगदी अर्ध्या स्वरावर येऊन उभा आहे. अख्ख्या पेडलचा ताण त्या एका बारमध्ये गोळा होतो. पुढच्याच बारला सा-ग-प येतो आणि श्वास सुटतो. आठपैकी पाचव्या बारला टोक, आणि ते एकदाच. आपण घाईघाईत पहिल्या बारपासूनच टोचायला लागतो आणि मग पाचव्या बारला टोचायला काही उरत नाही.

बेसच्या या पंचमावर येण्याची वाटही बाखने नीट आखली आहे. आधीच्या तीन बारांचा बेस म, तीव्र म, कोमल ध असा जातो आणि मग प. म्हणजे पंचमाला आधी खालून आणि मग वरून घेरलंय आणि शेवटी त्यावर पाय ठेवलाय. त्यामुळे तो स्वर कुठून तरी टपकला असं वाटत नाही.

आता तुमची ट्रंक.

लय मिनिटाला ६० ठेवा, चार मात्रांचा बार. म्हणजे एक बार चार सेकंदांचा. सुरुवातीचे तीन बार घर दाखवण्यासाठी: बेस ए, मग जी, मग एफ, आपल्या भाषेत सा, कोमल नी, कोमल ध. वर साधे ए मायनर, जी, एफ हेच कॉर्ड. हे तीन बार गाळू नका. ऐकणाऱ्याला सा कुठे आहे हे आधी कळलं नाही तर पुढे तुम्ही धरलेल्या पंचमालाच तो सा समजेल आणि तुम्ही पुन्हा तंबोऱ्यावर याल. चौथ्या बारला बेस ई वर येतो आणि तिथून आठ बार हलत नाही. एकूण अकरा बार, ४४ सेकंद. तुमचा प्रसंग तेवढाच आहे.

पेडलच्या आठ बारांत उजव्या हाताला फक्त तीन स्वर द्या, मधल्या सप्तकाच्या आसपास. पहिला बार सा, कोमल ग, प, म्हणजे साधा ए मायनर. दुसऱ्या बारला फक्त वरचा प अर्धा स्वर चढवून कोमल ध करा, म्हणजे सा, कोमल ग, कोमल ध. हा एफ मेजर झाला. बाकी दोन बोटं जागची हलली नाहीत, तरी खालचा ई आता परका झाला, कारण एफ मेजरमध्ये ई नाही. तिसऱ्या बारला मधलं बोट म वर: सा, म, कोमल ध, डी मायनर. चौथ्या बारला परत पहिल्यावर या. हे परत येणं मुद्दाम आहे. प्रेक्षकाला वाटायला हवं की बहुतेक काही नाही, ती ट्रंकेवरची धूळच पुसतेय.

पाचव्या बारला पुन्हा डी मायनर. आणि सहाव्या बारला सा तसाच ठेवून बाकी दोन्ही स्वर अर्धा अर्धा वर: सा, तीव्र म, शुद्ध ध. इंग्रजी नावाने ए, डी शार्प, एफ शार्प, म्हणजे डी शार्प डिमिनिश्ड. बाखच्या २८व्या बारमध्ये जे घडतं तेच इथे मायनरमध्ये घडतंय, तीव्र मध्यम धरलेल्या पंचमाला घासतोय. तिचा हात कडीवर जातो तो इथे.

सातव्या बारला तिन्ही स्वर एकदम खाली सरकतात: सा चा शुद्ध नी, तीव्र म चा शुद्ध म, ध चा प. हा ई सेव्हन. सहा बार उजव्या हातात सा न हलता टिकून होता हे तुमच्या लक्षात आलं असेल. घर सतत दिसत होतं, फक्त पायाखाली नव्हतं. आता तोही अर्धा स्वर निसटला. एवढ्या वेळ धरून ठेवलेला सा नी होतो, ते मला या सगळ्या आठ बारांतलं सगळ्यात भीतिदायक वाटतं, आणि गंमत म्हणजे इथे कॉर्ड आणि बेस यांचं भांडण मिटलेलं असतं.

आठव्या बारला उजवा हात उचला. फक्त खालचा ई, एकटा.

मोजून बघितलंत तर माझ्या आठ बारांत चार ठिकाणी पंचम परका आहे, बाखच्या एका जागेच्या तुलनेत बरेच जास्त. त्याची रचना भीतीची नाही, तुमचा प्रसंग आहे, म्हणून मी हात सैल सोडला. पण त्या चारांतही एफ आणि डी मायनर सौम्य आहेत, खरा काटा एकच, सहाव्या बारचा. तिथे आणखी दोन-तीन डिमिनिश्ड घुसवायचा मोह होईल. करू नका.

‘चुकल्यासारखं’ का वाटतं, तेही यातच आहे. परका कॉर्ड चूक वाटतो तेव्हा मला बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण सापडलं आहे. एक म्हणजे बोटं उडी मारतात. ए मायनरवरून डी शार्प डिमिनिश्डला सगळा हात उचलून गेलात तर श्रोत्याला वाटतं, हात घसरला. अर्ध्या-एका स्वराने सरकत गेलात तर तोच कॉर्ड अटळ वाटतो. मी विद्यार्थ्यांना उजव्या हाताने आधी एकेक बोटाची ओळ गायला लावतो. वरच्या बोटाची ओळ वरच्या उदाहरणात प, कोमल ध, कोमल ध, प, कोमल ध, शुद्ध ध, प अशी आहे. गाता आली, मग वाजवा.

दुसरं कारण म्हणजे टक्कर खूप खाली होते. ई आणि एफ यांच्यात अर्ध्या स्वराचं अंतर आहे. खालचा ई खर्जात आणि एफ दोन सप्तकं वर असेल तर ती टक्कर टोकदार आणि स्वच्छ ऐकू येते. तोच एफ डाव्या हाताच्या करंगळीशेजारी वाजवलात तर नुसती घरघर होते, आणि घरघर म्हणजे ताण नव्हे. बेस आणि वरच्या तीन स्वरांतला सगळ्यात खालचा यांच्यामध्ये किमान एक सप्तक मोकळं राहू द्या. मी वर दिलेल्या मांडणीत ते दीड सप्तकाच्या आसपास आहे.

आता अरेंजर कीबोर्डची एक अडचण, जी बहुतेक तुम्हालाही छळत असेल. ऑटो अकंपनिमेंट चालू असेल तर तुम्ही डाव्या हाताने कॉर्ड बदललात की कीबोर्ड स्वतःच बेस त्या कॉर्डच्या मूळ स्वरावर नेतो. तुम्ही पंचम धरलाय असं समजत राहता आणि प्रत्यक्षात बेस इकडेतिकडे फिरत असतो. ओळखायची खूण: उजवा हात काढून फक्त डावा वाजवा आणि बेसबरोबर ‘ई’ गात राहा. तुमचा आवाज आणि बेस कुठे फुटतात ते लगेच कळेल. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलवर Fingering Type मध्ये `Fingered On Bass` असा पर्याय असतो, तो घेतला की डाव्या हाताचा सगळ्यात खालचा स्वर हाच बेस राहतो. पण या प्रसंगासाठी मी तर स्टाइल पूर्ण बंदच करीन, कीबोर्ड दोन भागांत स्प्लिट करीन आणि डाव्या हाताला एकच आवाज देईन.

तो आवाज कोणता घ्यावा यावरही बरंच अवलंबून आहे. पियानोचा खालचा ई चार सेकंदांत बराच विझतो, आठ बार टिकणार नाही. बाखनेही त्या आठ बारांत जी एकदा वाजवून सोडला नाही. त्या रचनेत प्रत्येक बारची आकृती दोनदा येते, त्यामुळे तो जी सोळा वेळा वाजतो. हार्पसिकॉर्ड किंवा क्लेव्हिकॉर्डवर स्वर टिकवण्याचा दुसरा मार्गच नव्हता. ‘धरणं’ म्हणजे न तोडता लांबवणंच असं नाही, पुन्हा पुन्हा त्याच स्वरावर येणंही धरणंच आहे. तुमच्या प्रसंगात मी चेलो किंवा डबल बेसचा गजाने वाजवलेला आवाज घेईन आणि प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला हलकेच नव्याने दाबीन. एकसलग सिंथ पॅड दहा-बारा सेकंदांनी कानाला ऐकू येईनासा होतो. पंख्याचा आवाज जसा काही वेळाने जाणवत नाही, तसंच.

सप्तकाचंही बघा. अगदी खालचा ई साधारण ४१ हर्ट्झचा, त्याच्या वरचा ८२चा. घरी हेडफोनवर ४१चा ई छातीत घुमतो, म्हणून सगळे तोच घेतात. स्पर्धेच्या सभागृहातल्या लहान स्पीकरमधून तो जवळपास गायब होतो, आणि बेस गायब झाला की वरचे कॉर्ड नुसतेच विनाकारण विचित्र वाटतात. माझ्याबाबतीत हे घडलंय. तालमीत सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा, प्रयोगाला शेवटच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की तिथे सूर का बिघडला होता. तेव्हापासून मी ८२चा ई मुख्य धरतो, त्याच्यावर १६५च्या आसपासचा ई अगदी हळू मिसळतो, आणि रेकॉर्ड करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो. मोबाइलवर बेस कमजोर होणारच, पण त्याचा स्वर कोणता आहे हे तरी कळलं पाहिजे. तेवढं कळत असेल तर सभागृहात तो पोचतो.

सगळं जमलंय की नाही याची एक कसोटी आहे, ती कधी चुकलेली मला आठवत नाही. सहाव्या बारला थांबा, कीबोर्डवरून हात उचला आणि शेजारी बसलेल्या, संगीत न शिकलेल्या माणसाला सांगा, आता जो स्वर यावासा वाटतो तो गुणगुण. त्याने ए म्हणजे आपला सा गुणगुणला तर पेडल काम करतोय, त्याला घरी जायचंय. त्याने ई च गुणगुणला तर त्याच्या कानाने पंचमालाच घर मानलंय. तसं झालं तर सुरुवातीचे तीन बार घट्ट करा, बेस जरा कमी करा, आणि पेडल लांबला असेल तर तोडा.

किती लांबवायचा हे सेकंदांपेक्षा कॉर्ड किती वेळा बदलले यावर ठरतं. माझ्या अनुभवात सहा ते दहा बदलांच्या पुढे ताण सैल पडायला लागतो. प्रेक्षक वाट बघणं सोडून देतो. एका नाटकात नटाचं स्वगत वाढत गेलं म्हणून मी पंचम जवळजवळ दोन मिनिटं धरून बसलो होतो. शेवटी सा वर उतरलो तेव्हा कुणाला काही झालं नाही, मलाही नाही.

एकांकिकेत मुलगी रोज ठरलेल्या सेकंदाला कडी काढणार नाही, त्यामुळे वाट बघायची जागा आधीच ठरवून ठेवा. पेडलचा तिसरा आणि चौथा बार, म्हणजे डी मायनर आणि ए मायनर, हे दोन आणखी एकदा फिरवले तर खटकत नाहीत, ते येरझाऱ्या घातल्यासारखे वाटतात. पाचवा बार सुरू करायचा तो तिचा हात कडीकडे वळलेला दिसल्यावरच. सहावा बार मात्र कधीही दुसऱ्यांदा वाजवू नका. पुढे वेळ हवाच असेल तर आठव्याचा एकटा ई ताणा, तो दोन-चार सेकंद जास्त सहन करतो.

झाकण उघडल्यावर बेस कुठे जातो हे ट्रंकेत काय आहे त्यावर ठरेल. तिला हवं ते सापडलं तर ए वर या, पण लगेच स्वस्थ होऊ नका. बाखही सा वर आल्या आल्या वर कोमल नी घालतो आणि पुढचे चार बार, अगदी शेवटपर्यंत, सा च धरतो. तुमचा तो आधीचा षड्जाचा पेडल इथे शोभेल, सगळं घडून गेल्यानंतरच्या शांततेत. ट्रंकेत भलतंच काही निघालं तर ई वरून अर्धा स्वर वर, एफ वर जा आणि वर एफ मेजर द्या. कान ए ची वाट बघत असतो आणि त्याच्या पायाखाली वेगळीच जमीन येते. आणि ट्रंक रिकामी असेल तर झाकण मागे टेकल्याचा आवाज होईल, त्या क्षणी ई तोडा आणि काहीच वाजवू नका.